परदेशी दुकानातून कन्सोल मागवताय? ड्युटीचा हिशोब आणि अडकलेलं पार्सल सोडवण्याची पद्धत

निन्टेंडोचा स्विच २ हा कन्सोल ५ जून २०२५ ला बाजारात आला. अमेरिकेत त्याची किंमत ४४९.९९ डॉलर ठेवली होती. भारतात मात्र अधिकृत विक्री नव्हती, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांपुढे दोनच रस्ते उरले. एक तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कोणीतरी आधीच आणून ठेवलेला नग घ्यायचा, नाहीतर परदेशी दुकानातून स्वतः मागवायचा. हा लेख दुसऱ्या रस्त्याबद्दल आहे. उदाहरण स्विच २ चं घेतलंय, पण इथे न विकला जाणारा कुठलाही कन्सोल मागवलात तरी पायऱ्या याच आहेत.

दुकानाच्या पानावरची किंमत आणि घरात आलेल्या कन्सोलची किंमत यांत मोठं अंतर असतं. ते अंतर आधी मोजता येतं. पार्सल कुठे आणि का थांबेल याचाही बराचसा अंदाज ऑर्डर देण्याआधीच बांधता येतो. म्हणून बहुतेक काम पैसे भरण्याआधीचंच आहे.

आधी नग नीट निवडा

जपानमधली किंमत बघून बरेच जण हुरळून जातात. तिथे स्विच २ चं एक मॉडेल ४९,९८० येनला आलं, म्हणजे अमेरिकेतल्या किमतीपेक्षा बरंच स्वस्त. पण ते फक्त जपानी भाषेचं मॉडेल आहे. त्याचे मेनू जपानीतच दिसतात आणि त्याला फक्त जपान हा प्रदेश निवडलेलं निन्टेंडो खातं जोडता येतं. सगळ्या भाषांचं मॉडेल तिथे ६९,९८० येनला आणि निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच ठेवलं होतं. परदेशी दुकानाच्या पानावर 'जपान व्हर्जन' असं दिसलं तर यातलं नेमकं कोणतं, हे लेखी विचारून घ्या. चुकीचं मॉडेल एकदा कस्टम्समधून सुटून घरी आलं की परत पाठवण्याचा खर्च आणि भरलेली ड्युटी दोन्ही डोक्यावर बसतात.

त्यानंतर दुकानाला तीन गोष्टी विचारा. भारतात थेट पाठवता का? कोणत्या सेवेने पाठवता, खासगी कुरिअरने की पोस्टाने? आणि ड्युटी तुम्ही आधीच घेता की पार्सल पोचताना मी भरायची? काही मोठी दुकानं चेकआउटलाच आयात शुल्कापोटी ठेव घेतात आणि प्रत्यक्ष शुल्क कमी लागलं तर फरक परत करतात. ही रक्कम बघून दचकायला होतं, पण पहिल्यांदा मागवणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन. पार्सल पोचल्यावर 'एवढे पैसे आत्ता भरा' असा धक्का बसत नाही आणि कागदपत्रांची धावपळ विकणाऱ्याचा एजंट करतो.

ड्युटी कशावर लागते

पहिला गैरसमज असा की अमुक रकमेखालच्या खरेदीवर ड्युटी लागत नाही. काही देशांत अशी सूट असते, भारतात ऑनलाइन खरेदीला ती नाही. ५,००० रुपयांची जी सूट लोक सांगतात ती खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंसाठी होती. डिसेंबर २०१९ मध्ये परदेशी व्यापार महासंचालनालयाने पोस्टाने किंवा कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून माल सोडवून घेण्यावरच बंदी आणली. त्यातून जीवनरक्षक औषधं आणि राख्या तेवढ्या वगळल्या. पूर्ण ड्युटी भरून भेटवस्तू आणता येते. त्यामुळे 'खोक्यावर गिफ्ट लिहा' असं दुकानदाराला कधीही सांगू नका. त्यातून एक रुपया वाचत नाही आणि पार्सलवर शंकेचा शिक्का मात्र बसतो.

दुसरा गैरसमज असा की ड्युटी फक्त कन्सोलच्या किमतीवर लागते. कस्टम्स जी किंमत धरतं तिला आकारणीयोग्य मूल्य म्हणतात. त्यात वस्तूची किंमत, भारतापर्यंतचं भाडं आणि विमा हे तिन्ही येतात. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरला जातो. हवाई भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, पण भाड्याचा आकडाच सापडला नाही तर थेट २० टक्के धरण्याची तरतूद आहे. ही गोष्ट 'फ्री शिपिंग'वाल्यांनी लक्षात ठेवावी. किमतीत भारतापर्यंतचं भाडं धरलेलं आहे, असं बिलावर स्पष्ट लिहून घ्या. ते नसेल तर न दिलेल्या भाड्यावरही ड्युटी भरायची वेळ येऊ शकते.

डॉलरचा दरही बँकेचा किंवा गूगलवर दिसतो तो लागत नाही. कस्टम्स आयातीसाठी स्वतःचा विनिमय दर जाहीर करतं आणि तोच हिशोबात धरतं.

या मूल्यावर थर चढत जातात. आधी बेसिक कस्टम्स ड्युटी. मग लागू असेल तिथे समाजकल्याण अधिभार, जो बेसिक ड्युटीच्या १० टक्के असतो. आणि शेवटी या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे करावर कर लागतो, टक्क्यांची सरळ बेरीज करून चालत नाही. सूत्र असं:

```
A = वस्तू + भाडं + विमा
B = A × बेसिक दर
S = B × 10%
I = (A + B + S) × IGST दर
एकूण ड्युटी = B + S + I
```

एकच खोकं, दोन शीर्षकं

हिशोबातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा. स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या वस्तूंसाठी कस्टम्सच्या दरपत्रकात वेगळं शीर्षक आहे, 9804. गेमिंग कन्सोलचं स्वतःचं शीर्षक आहे 9504, त्यातलं 95045000. तुमचं पार्सल कोणत्या शीर्षकाखाली दाखल होतं हे कुरिअरवाल्याचा माणूस बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा अर्ज, भरताना लिहितो. तो घाईत असतो आणि खोक्यावर 'व्हिडिओ गेम कन्सोल' लिहिलेलं दिसतं.

वैयक्तिक वापराच्या शीर्षकाचा बेसिक दर २०२६ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला, तो १ एप्रिल २०२६ पासून. कन्सोलच्या स्वतःच्या शीर्षकाचा दर २०१८ मध्ये १० वरून २० टक्के झाला होता. २२ सप्टेंबर २०२५ ला २८ टक्क्यांचा जीएसटी टप्पा मोडीत निघाल्यापासून दोन्हीकडे आयजीएसटी १८ टक्के धरायचा. दर बदलत असतात, त्यामुळे ऑर्डर देण्याच्या दिवशी कस्टम्सच्या आइसगेट या संकेतस्थळावरच्या ड्युटी कॅल्क्युलेटरमध्ये `98049000` आणि `95045000` हे दोन्ही आकडे टाकून पाहा. दोन्ही उत्तरं लिहून ठेवा, अधिभार लागतो की नाही तेही तिथेच कळेल.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. कन्सोल ४५० डॉलरचा, कुरिअरचं भाडं ४० डॉलर आणि कस्टम्सचा दर सोयीसाठी ९० रुपये धरू. वस्तूची किंमत ४०,५०० रुपये, भाडं ३,६००, विमा १.१२५ टक्क्यांनी ४५६. आकारणीयोग्य मूल्य झालं ४४,५५६ रुपये.

वैयक्तिक वापराच्या शीर्षकाखाली बेसिक ड्युटी ४,४५६. अधिभार धरला तर ४४६. बेरीज ४९,४५८, तिच्यावर १८ टक्के म्हणजे ८,९०२. एकूण ड्युटी १३,८०४ रुपये, म्हणजे मूल्याच्या साधारण ३१ टक्के.

कन्सोलच्या शीर्षकाखाली बेसिक ८,९११, अधिभार ८९१, बेरीज ५४,३५८ आणि आयजीएसटी ९,७८४. एकूण १९,५८६ रुपये, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के.

खोकं तेच, माणूस तोच, फरक ५,७८२ रुपयांचा. म्हणून पार्सल भारतात पोचण्याआधीच कुरिअरच्या क्लिअरन्स विभागाला एक ईमेल पाठवून ठेवा: हा एकच नग आहे, तो माझ्या स्वतःच्या वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही, तरी बिल ऑफ एन्ट्री 9804 खाली दाखल करावं. सोबत ऑर्डरचं बिल आणि पैसे भरल्याची पावती जोडा. अंतिम निर्णय कस्टम्स अधिकाऱ्याचा असतो, पण मुळात अर्जच चुकीच्या शीर्षकाखाली गेला तर नंतर दुरुस्त करून घेणं फार किचकट होतं.

ड्युटीशिवाय दोन खर्च राहतात. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने ड्युटी आधी भरते आणि त्याबद्दल स्वतःचं शुल्क लावते, त्यावर जीएसटी वेगळा. आपण ते १,७७० धरू. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागतो. ३.५ टक्के धरला तर ४४,१०० रुपयांच्या व्यवहारावर जीएसटीसकट १,८२१ रुपये होतात. आणि दुकानाचं पान 'रुपयांत भरा' असा पर्याय देत असेल तर तो टाळून डॉलरमध्येच भरा. रुपयांचा दर तिथे दुकान ठरवतं आणि तो बहुतेक वेळा महाग असतो.

सगळं धरून कन्सोल घरात येतो ६१,४९५ रुपयांना, नाहीतर ६७,२७७ ला. हा आकडा हातात घेऊन मगच स्थानिक दुकानातल्या किमतीशी तुलना करा. तिथला नग पाच हजारांनी महाग असला तरी तो आत्ता हातात मिळतो आणि बिघडला तर भांडायला समोर माणूस असतो, याचीही काही किंमत धरा.

किंमत कमी दाखवण्याचा मोह

काही विक्रेते स्वतःहून विचारतात, 'बिलावर शंभर डॉलर लिहू का?' नाही म्हणा. स्विच २ ची किंमत सगळ्या जगाला माहीत आहे, कस्टम्सच्या अधिकाऱ्यालाही ती शोधायला एक मिनिट लागतं. दाखवलेली किंमत पटली नाही तर ती नाकारून स्वतः किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला आहे. खोटी किंमत दाखवलेला माल जप्त होऊ शकतो, तो सोडवायला दंड आणि त्यावर वेगळी शास्ती लागू शकते. शिवाय पार्सल हरवलं तर विम्याचे पैसेही त्या शंभर डॉलरच्याच हिशोबाने मिळणार.

पार्सल कुठे थांबतं

ट्रॅकिंगच्या पानावरची वाक्यं अगदी त्रोटक असतात, पण त्यामागचा क्रम ठरलेला आहे. दुकानाने लेबल काढलं, पार्सल कुरिअरच्या हातात गेलं, त्या देशातून निर्यात झालं, विमानाने भारतात आलं, केवायसी झाली, बिल ऑफ एन्ट्री दाखल झालं, मूल्यांकन झालं, ड्युटी भरली, कस्टम्सने सोडलं आणि घरपोच निघालं. पार्सल यातल्या कोणत्या पायरीवर उभं आहे हे ओळखलं की कोणाला फोन करायचा ते कळतं.

फक्त 'लेबल तयार' असं दिसत असेल तर पार्सल अजून दुकानातच आहे. इथे कुरिअरला फोन करून उपयोग नाही, दुकानालाच विचारा. नव्या कन्सोलच्या बाबतीत बहुधा माल शिल्लक नसतो.

मूळ देशातून निघण्याआधीच थांबलं असेल तर बॅटरीचा विचार करा. हातात धरून खेळायच्या कन्सोलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि असं खोकं `UN3481` या क्रमांकाखाली जातं. घोषणा नसेल तर विमान कंपनी ते परत फिरवते आणि पार्सल विक्रेत्याच्या गोदामात परततं. मोठी दुकानं हे नीट करतात. एखाद्या व्यक्तीकडून किंवा पार्सल पुढे पाठवणाऱ्या एजन्सीकडून मागवत असाल तर बॅटरी जाहीर केली आहे ना, हे आधीच विचारा.

सगळ्यात जास्त पार्सलं थांबतात ती केवायसीवर. कुरिअरने येणाऱ्या मालासाठी घेणाऱ्याची ओळख आणि पत्ता पटवावा लागतो. कुरिअर कंपनी ईमेल किंवा एसएमएसवर लिंक पाठवते आणि ती स्पॅममध्ये पडून राहते. आमच्या ओळखीतल्या नाशिकच्या एका मुलाने दुकानाच्या खात्यात टोपणनाव टाकलं होतं आणि पत्ता पुण्यातल्या खोलीचा. आधारवर पूर्ण नाव आणि नाशिकचा पत्ता. पार्सल मुंबईत उतरून पडून होतं आणि ट्रॅकिंगवर फक्त 'क्लिअरन्स प्रोसेसिंग' दिसत होतं. शेवटी त्याने घरमालकाशी केलेला भाडेकरार आणि नावांबद्दलचं एक साधं पत्र पाठवलं, तेव्हा काम पुढे सरकलं. म्हणून ऑर्डरवर आधार किंवा पासपोर्टवर आहे तेच नाव अक्षर न् अक्षर टाका, आणि पत्ता वेगळा असेल तर पुरावा तयार ठेवा. मोबाइल नंबर भारतातला आणि चालू असलेलाच द्या.

त्यानंतरचा थांबा मूल्यांकनाचा. अधिकाऱ्याला शंका आली की प्रश्न येतो: किंमत खरी आहे का, वापर कशासाठी, नग किती. व्हिडिओ गेम भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत आणि कन्सोलमध्ये वाय-फाय व ब्लूटूथ असल्याने वायरलेस परवानगीचाही प्रश्न निघू शकतो. एकच नग आणि वैयक्तिक वापर हे कागदावर स्वच्छ दिसणं, हीच इथली तुमची बाजू. म्हणूनच मित्राचा आणि आपला असे दोन कन्सोल एका पार्सलमध्ये मागवू नका. दोन नग दिसले की व्यापाराचा संशय येतो, आणि व्यापारी आयातीला आयातदाराचा आयईसी क्रमांक लागतो, जो तुमच्याकडे नसणार.

उत्तर पाठवताना तीन कागद एकाच ईमेलमध्ये द्या: दुकानाचं बिल, कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती एक ओळ आणि सहीचं वैयक्तिक वापराचं पत्र. तुकड्या-तुकड्याने पाठवलं की प्रत्येक तुकड्यामागे फाइल पुन्हा रांगेत जाते.

उशीर म्हणून गप्प बसू नका. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूद कस्टम्स कायद्याच्या कलम ४८ मध्ये आहे, आणि गोदामाचं भाडं त्याआधीपासून चढत असतं. दोन कामकाजाच्या दिवसांत ट्रॅकिंग हललं नाही तर कुरिअरच्या क्लिअरन्स विभागाला एअरवे बिल क्रमांक, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक, देऊन एवढंच विचारा: 'माझ्याकडून कोणता कागद बाकी आहे?' नुसतं 'पार्सल कधी येईल' विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं.

पोस्टाने आलं तर

पोस्टाचं पार्सल कुरिअर टर्मिनलला न जाता विदेशी डाक कार्यालयात जातं. मुंबईचं बॅलार्ड पियरला आहे. तिथे कस्टम्सचे अधिकारी मूल्यांकन करतात आणि ड्युटी पोस्टमनकडे किंवा पोस्टाच्या काउंटरवर भरून पार्सल घ्यायचं असतं. कुरिअरसारखं वेगळं हाताळणी शुल्क फारसं लागत नाही, हा फायदा. पण पार्सल तिथे असताना ट्रॅकिंग जवळजवळ मुकं होतं आणि प्रश्न आलाच तर पत्र पोस्टाने घरी येतं. चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूसाठी मी कुरिअरच निवडेन.

खोटे फोन

परदेशातून काही मागवलं की नेमके याच काळात 'तुमचं पार्सल कस्टम्समध्ये पकडलं आहे' असे फोन येतात. खरा अधिकारी खासगी यूपीआयवर किंवा कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही. कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर डीआयएन हा कागदाचा ओळख क्रमांक असतो, तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ड्युटी कुरिअरच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरूनच भरा. मेसेजमधली लिंक न उघडता पत्ता स्वतः टाइप करा.

घरातलं कोणी येत असेल तर

अमेरिकेहून किंवा दुबईहून भाऊ, मावशी कोणी येत असेल तर हा सगळा हिशोबच बदलतो. विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाला सामानावर ड्युटीमुक्त मर्यादा असते. २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती, २०२६ च्या नव्या नियमांत ७५,००० झाली. एक कन्सोल या मर्यादेत बसतो, फक्त बाकीच्या नव्या वस्तूही त्याच मर्यादेत मोजल्या जातात आणि दोन प्रवाशांच्या मर्यादा एकत्र करता येत नाहीत. मावशीला बिल हाताशी ठेवायला सांगा आणि कन्सोल चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत आणायला सांगा, कारण बॅटरी.

पार्सल हातात आल्यावर

खोकं उघडण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि उघडताना सलग व्हिडिओ घ्या, लेबलवरचा क्रमांक दिसेल असा. बिघडलेला नग निघाला तर वापरू नका, त्याच दिवशी विक्रेत्याला कळवा. सदोष माल न वापरता परत पाठवल्यास भरलेल्या ड्युटीचा परतावा मागण्याची तरतूद आहे, पण माल सुटल्यापासून साधारण ३० दिवसांतच हालचाल करावी लागते.

मग कुरिअरकडून बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागवा. त्यात शीर्षक, मूल्य आणि विनिमय दर हे तिन्ही आपल्या लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. 9804 च्या जागी 9504 दिसलं, किंवा भाडं दोनदा धरलेलं दिसलं, तर कुरिअरला त्याच आठवड्यात लेखी कळवा. आणि ती प्रत कन्सोलच्या बिलासोबत जपून ठेवा. पुढे तो विकायचा झाला किंवा दुरुस्तीला परदेशी पाठवून परत आणायचा झाला, तर ड्युटी भरल्याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असेल.